चारशे गोण्यांपैकी किती फोडायच्या?

माझे दाजी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात कांद्याचा धंदा करतात. मी नेरूळला राहतो आणि कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे घरात आकड्यांचा प्रश्न निघाला की फोन माझ्याकडे येतो. मागच्या पावसाळ्यात सकाळी सहाला त्यांचा फोन आला. "चारशे गोण्या आल्यात. आतला सडका माल किती निघेल त्यावर घट धरायची. सगळ्या फोडत बसलो तर दिवस जाईल. किती फोडू?"

मी अर्धवट झोपेत म्हणालो, "तीस फोडा, तीस पुरतात."

दाजींनी तीस फोडल्या. पन्नास किलोच्या गोणीमागे सरासरी एक किलो सडका कांदा निघाला, कुठे अर्धा, कुठे दीड. त्यांनी एक किलोच्या हिशेबाने घट धरली, म्हणजे चारशे किलो. पुढच्या दोन दिवसांत सगळा ट्रक निवडून झाला तेव्हा सडका माल भरला ६८८ किलो. ३८८ गोण्यांत खरोखरच सरासरी एकेक किलो होता. उरलेल्या १२ गोण्या मात्र आतून पार गेलेल्या होत्या, प्रत्येकीत साधारण २५ किलो. त्या तीस गोण्यांत या बारांपैकी एकही आली नव्हती.

हा 'तीस'चा आकडा पाठ्यपुस्तकांतून इतका घोटलेला असतो की तो कुठून आला हे विचारायचं आपण विसरतो. विखुरणं फार वेडंवाकडं नसेल तर तीसेक नमुन्यांची सरासरी घंटेच्या आकाराच्या नॉर्मल वक्रासारखी वागू लागते, असा तो ठोकताळा आहे. दाजींचा ट्रक वेडावाकडाच होता. बहुतेक गोण्या एका बाजूला आणि मूठभर गोण्या कोसभर लांब. त्या तीस गोण्या निव्वळ चिठ्ठ्या टाकून निवडल्या असत्या, तरी बारापैकी एकही हाती न लागण्याची शक्यता ३९ टक्के होती. हाती लागली नाही की दुहेरी फसवणूक होते. सरासरी तर कमी दिसतेच, शिवाय आकड्यांची पसरणही कमी दिसते. मग नेहमीचं सूत्र ऐटीत सांगतं की सरासरी एक किलो, चूक फार तर ०.२ किलो. खरी सरासरी १.७२ होती.

पुढच्या ट्रकच्या आधी मी नीट बसून विचार केला. गोण्यांमधली सड कशी विखुरलेली आहे याबद्दल काहीच माहीत नाही असं धरलं, तर किती गोण्या फोडाव्या लागतील? याचं उत्तर देणारी असमानता चेबिशेव्ह या रशियन गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते. त्याने ती १८६७ मध्ये छापली. ब्येनेमे या फ्रेंच माणसाने तीच गोष्ट १८५३ मध्ये मांडली होती, पण नाव राहिलं चेबिशेव्हचं.

ती दाजींना समजावली तशीच सांगतो. प्रत्येक गोणीतली सड सरासरीपासून किती किलो लांब आहे ते बघा, त्या अंतराचा वर्ग करा आणि सगळ्या वर्गांची सरासरी काढा. याला प्रचरण म्हणतात, इंग्रजी माध्यमवाले व्हेरियन्स म्हणतील. समजा शंभर गोण्या आहेत आणि प्रचरण ४ आहे. म्हणजे सगळ्या वर्गांची बेरीज ४००. ही ४०० म्हणजे हातातली एकूण रक्कम समजा. एखादी गोणी सरासरीपासून दहा किलो लांब असेल, तर ती एकटीच दहाचा वर्ग, म्हणजे १०० खाते. मग अशा गोण्या जास्तीत जास्त किती असू शकतील? चार. पाचवी आली तर पैसे संपले. आकडे घंटेसारखे पसरलेले असोत, उंटाच्या पाठीसारखे असोत की एका कोपऱ्यात कोंबलेले असोत, चाराच्या वर जाता येत नाही. असमानतेची सगळी सिद्धता एवढीच आहे. तिला आकार लागत नाही तो यामुळेच.

आता हेच एका गोणीऐवजी नमुन्याच्या सरासरीला लावायचं. चारशेतून n गोण्या निवडायचे असंख्य प्रकार आहेत आणि प्रत्येक निवडीची सरासरी वेगळी येईल. या सरासऱ्यासुद्धा खऱ्या सरासरीभोवती विखुरलेल्या असतात, पण त्यांचं प्रचरण मूळ प्रचरणाच्या n व्या हिश्श्याइतकंच असतं. रक्कम n पटीने कमी झाली, म्हणजे लांब जाणाऱ्या सरासऱ्याही तितक्या कमी झाल्या. खर्चाचा तोच हिशेब मांडला की सूत्र हाती येतं:

```
n ≥ σ² / (ε² · δ)
```

यात σ² म्हणजे गोण्यांचं प्रचरण. ε म्हणजे किती किलोची चूक चालेल, आणि δ म्हणजे त्याहून मोठी चूक व्हायची शक्यता आपण किती सोसायला तयार आहोत. दाजी म्हणाले, गोणीमागे एक किलो इकडे-तिकडे चालेल. शंभरात पाच वेळा फसलो तरी चालेल असं मी धरलं. म्हणजे ε = १ आणि δ = ०.०५.

इथवर सगळं छान. आता σ² कुठून आणायचा?

चेबिशेव्हवर लिहिणारे बहुतेक लोक ही जागा घाईने ओलांडतात, आणि खरी अडचण इथेच आहे. 'वितरणाबद्दल काहीच माहीत नाही' असं आपण म्हणतो, पण ही असमानता फक्त आकाराचं अज्ञान सोसते, पसरणीचं नाही. σ² ला कुठेतरी छत घालावंच लागतं, आणि ते गोणीकडे बघून घालावं लागतं.

सगळ्यात भाबडं छत हे: पन्नास किलोच्या गोणीत सड शून्याच्या खाली जाणार नाही आणि पन्नासच्या वर जाणार नाही. दोन टोकांमधल्या आकड्यांचं प्रचरण जास्तीत जास्त केव्हा होतं? अर्ध्या गोण्या एका टोकाला आणि अर्ध्या दुसऱ्या टोकाला असतील तेव्हा. मग प्रत्येक गोणी सरासरीपासून २५ किलो लांब, म्हणजे प्रचरण २५ चा वर्ग, ६२५. सूत्रात टाकलं तर n आलं १२,५००.

ट्रकात गोण्या चारशे.

दाजी एवढे हसले की शेजारच्या गाळ्यावरचे वळून बघायला लागले. थोडा बचाव आहे. वरचं सूत्र अथांग ढिगासाठी आहे, आणि आपल्याकडे मोजक्याच गोण्या आहेत. फोडलेली गोणी परत ढिगात टाकायची नसल्यामुळे प्रत्येक गोणीमागे अज्ञानही कमी होत जातं. त्यासाठी आकडा असा दुरुस्त करतात, यात n₀ म्हणजे आधी आलेला आकडा आणि N म्हणजे एकूण गोण्या:

```
n = n₀ · N / (n₀ + N − 1)
```

दुरुस्तीनंतर आले ३८८. चारशेपैकी बारा गोण्या न फोडता ठेवायची मुभा. गणित चुकलेलं नाही. अर्ध्या गोण्या पूर्ण सडलेल्या आणि अर्ध्या ठणठणीत असू शकतात असं आपणच त्याला सांगितलं होतं, आणि तेवढ्या मोठ्या शंकेची किंमत त्याने लावली.

दाजींनी मग जे सांगितलं ते माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. "पन्नास किलो सडलेली गोणी मी न फोडता ओळखेन. अहो, पाणी सुटतं. बारदान खालून ओलं होतं, वास येतो, हात लावला तर बुडाला दबते." म्हणजे ज्या भयंकर गोण्यांच्या भीतीने n फुगत होतं, त्या बाहेरूनच कळतात. मागच्या वेळी त्या बारा गोण्या आधी का दिसल्या नाहीत? ट्रक पहाटे अंधारात उतरला होता, ओल्या गोण्या थप्पीत खाली गेल्या होत्या आणि फोडायला घेतल्या होत्या वरच्या तीस.

तेव्हा ठरलं असं. माथाडी ट्रक उतरवत असतानाच प्रत्येक गोणीचं बूड तपासायचं आणि ओल्या गोण्या बाजूला काढायच्या. त्या सगळ्या फोडायच्या, तिथे नमुना वगैरे काही नाही. उरलेल्या कोरड्या गोण्यांत सड किती असू शकते? दाजी म्हणाले, पाच किलोच्या पुढे बारदान ओलं झाल्याशिवाय राहत नाही. मी म्हटलं, आठ धरू. छत घालताना कंजुषी करायची नाही, कारण सगळी हमी त्या एका आकड्यावर टांगलेली असते.

पुढच्या ट्रकात चारशेपैकी २० ओल्या निघाल्या, कोरड्या ३८०. शून्य ते आठच्या मध्ये प्रचरण जास्तीत जास्त ४ चा वर्ग, १६. सूत्राने ३२० आणि दुरुस्तीनंतर १७४. बारा हजारांवरून आपण इथवर आलो, आणि सडीच्या विखुरण्याच्या आकाराबद्दल अजूनही एक शब्द गृहीत धरलेला नाही. फक्त बारदान ओलं होतं की नाही एवढंच वापरलं.

१७४ गोण्या फोडणंही जिवावर येतं. अशा वेळी सौदा दोन ठिकाणी करता येतो, आणि दोन्हीकडचा भाव वेगळा आहे. ε चा वर्ग होतो, म्हणून चूक अर्ध्यावर आणायची तर मूळ सूत्रातला n चौपट होतो. δ सरळ भागाकारात आहे. ९५ टक्क्यांऐवजी ९९ टक्के खात्री हवी असेल तर चेबिशेव्ह पाचपट नमुने मागतो, जिथे नॉर्मल वक्राला १.७ पटीत भागतं. म्हणून चेबिशेव्हकडे फार मोठी खात्री मागायची नाही, तो तिथे फार महाग पडतो. दाजी ९० टक्क्यांवर तयार झाले. δ = ०.१ घेतल्यावर दुरुस्त आकडा आला ११३.

इथे एक कबुली द्यायला हवी. हाती फक्त 'शून्य ते आठ' एवढंच छत असेल, तर होफडिंगची १९६३ ची असमानता याहून स्वस्त पडते. ९५ टक्क्यांना तिला ११९ गोण्या पुरतात, तेही दुरुस्तीशिवाय. मग चेबिशेव्ह कशाला? कारण होफडिंग फक्त दोन टोकं बघतो. प्रचरण सोळापेक्षा बरंच कमी आहे हे खात्रीने ठाऊक असेल, समजा चारच आहे, तर चेबिशेव्हला दुरुस्तीआधी ८० आणि नंतर ६७ गोण्या लागतात. होफडिंग ११९ वरून हलत नाही. ९५ किंवा ९९ टक्क्यांसाठी आणि केवळ टोकं माहीत असताना मी होफडिंगच वापरीन. तरी विद्यार्थ्यांना आधी चेबिशेव्ह शिकवावा असं मला वाटतं, कारण σ² कुठून आणला हा प्रश्न त्यात लपवता येत नाही.

पहिल्या ट्रककडे पुन्हा एकदा बघू, कारण तिथे माझा एक गैरसमज दूर झाला. त्या ट्रकचं खरं प्रचरण आता माहीत आहे, साधारण १७. चेबिशेव्हप्रमाणे एक किलोची चूक आणि ९५ टक्के खात्री यांसाठी दुरुस्तीनंतर १८५ गोण्या फोडायला हव्या होत्या. आम्ही तीस फोडल्या. तीस गोण्यांवर त्याची हमी जेमतेम ४७ टक्के निघते, म्हणजे नाणं उडवण्याहूनही कमी. आता गंमत बघा. तेच १७ नॉर्मल वक्राच्या सूत्रात टाकले तर ते दुरुस्तीनंतर ५७ गोण्या मागतं. एवढ्या वेड्यावाकड्या ट्रकात ५७ वर किती वेळा फसलो असतो हे मी मोजून पाहिलं, तर ते पाच टक्क्यांच्या आतच भरलं. म्हणजे त्या दिवशी नॉर्मल वक्राने मला फारसं फसवलं नव्हतं. फसवलं ते तीस गोण्यांतून दिसलेल्या प्रचरणाने, जे १७ ऐवजी ०.२५ च्या घरात दिसत होतं. आधी थोड्या गोण्या फोडून σ² चा अंदाज घ्यायचा आणि तो चेबिशेव्हच्या सूत्रात टाकायचा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तसं केलं असतं तर चेबिशेव्हनेही मला त्याच खड्ड्यात घातलं असतं. सूत्र कितीही सावध असलं तरी त्यात घातलेला आकडा सावध नसेल तर उपयोग शून्य.

निवडीबद्दल दाजींशी थोडा वाद झाला. त्यांचं म्हणणं, ११३ च फोडायच्या ना, मग थप्पीच्या पुढच्या रांगेतल्या फोडू. पण 'सरासरीचं प्रचरण n व्या हिश्श्याइतकं' हे वाक्य फक्त चिठ्ठ्या टाकून निवडलं तरच खरं असतं. ट्रकाच्या मध्ये उष्णता कोंडते, कडेला ताडपत्रीतून पाणी शिरतं, आणि शेजारच्या गोण्या एकमेकींसारख्या असतात. एकाच कोपऱ्यातल्या ११३ गोण्या कधीकधी दहा गोण्यांएवढंही सांगत नाहीत. चिठ्ठ्या टाकल्या की शेजार कसाही असो, सूत्र लागू पडतं. शेवटी उतरवतानाच कोरड्या गोण्यांवर खडूने १ ते ३८० आकडे टाकले आणि मी फोनवर काढलेले ११३ आकडे भाच्याने वाचून दाखवले. सव्वाशेच्या आसपासच्या तीन गोण्या नेमक्या थप्पीच्या तळाशी होत्या. माथाडी मला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

आणि हे सगळं गोणीला तोंड आणि बूड असल्यामुळे जमलं, हेही लक्षात असू द्या. ज्या गोष्टीला वरचं टोकच नाही, उदाहरणार्थ हॉस्पिटलची बिलं, तिथे प्रचरणाला छत घालायला जागाच सापडत नाही. तिथे चेबिशेव्ह गप्प बसतो. कोणी तिथे त्याच्या नावाने n काढून दाखवला, तर σ² कुठून आणला एवढंच विचारा.

संध्याकाळपर्यंत ११३ गोण्या निवडून झाल्या. सरासरी १.३ किलो. हमी एक किलोची होती, म्हणजे कोरड्या ३८० गोण्यांत ४९४ किलो सड, आणि इकडे-तिकडे ३८० किलो. दाजींचं तोंड उतरलं. "एवढं करून हे?"

पण आता हातात आधी नव्हतं असं काहीतरी होतं. या ११३ गोण्यांचं प्रचरण ०.८ भरलं होतं, सोळाच्या जवळपासही नाही. मी त्याला दुपटीहून वर फुगवून २ धरलं आणि दुरुस्तीसकट सूत्र उलटं फिरवलं. ११३ गोण्या आणि ९० टक्के ठेवले तर चूक किती? ०.३५ किलो, म्हणजे सगळ्या मिळून साधारण १३४ किलो. ही पहिल्यासारखी पक्की हमी नव्हे, कारण प्रचरण पुन्हा नमुन्यातूनच आलं. मग मागच्या वेळची चूक पुन्हा झाली का? हिशेब करू. कोरड्या गोण्यांत वाईट गोण्या अकरा असत्या, तर ११३ मध्ये त्यातली एकही न येण्याची शक्यता जेमतेम दोन टक्के. मागे बाराला हीच शक्यता ३९ टक्के होती. चारच असत्या तर मात्र त्या चुकण्याची शक्यता २४ टक्के. पण कोरड्या गोणीत आठच्या वर सड असूच शकत नाही, त्यामुळे त्या चार मिळून अंदाजापेक्षा फार तर सत्तावीस किलो जास्त निघतील.

दाजींनी ओल्या २० गोण्यांचा तोललेला आकडा लिहिला, खाली ४९४ लिहिले आणि शेजारी स्वतःच्या मनाने १३४ ऐवजी १५० मांडले. "सत्तावीस किलोचं मी बघतो," म्हणाले, आणि पुढच्या ट्रकाला किती खडू लागतील ते भाच्याला विचारायला गेले.